निरोपाच्या पार्टीचा खर्च: आकडा आधी, किराणा नंतर

प्रश्न: आमचा शाळेपासूनचा बारा जणांचा ग्रुप आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. एकाला पोलिसात नोकरी लागली, पुढच्या महिन्यात ट्रेनिंगला जातोय. त्याच्यासाठी वावरात रोडगे-मटणाची पार्टी ठरवतोय. चौघं मटण खात नाहीत, एक मित्र मजुरीला जातो, दोघं पगारदार, बाकी कास्तकार. मागच्या पार्टीत मी खिशातून भरले, त्यातले दोघांचे तीनशे-तीनशे अजून आले नाहीत. सगळ्यांना सारखेच लावावे का? आणि मित्रांना पैसे मागायची लाज वाटते, तिचं काय करू?

उत्तर:

भाऊ, मी बरीच वर्षं सेवा सहकारी सोसायटीत गटसचिव होतो. पीककर्ज वाटायचं आणि वसूल करायचं, हेच काम. गावातल्या गणपतीची वर्गणी आणि सप्त्याचा हिशेबही माझ्याच वहीत असतो. त्यामुळे ओळखीच्या माणसाकडे पैसे मागायचे म्हणजे काय, हे मला पुरतं ठाऊक आहे.

सारखे लावायचे की कमी-जास्त, हे आपण पुढे पाहू. तुमची खरी अडचण त्यात नाही. मागच्या वेळी तुम्ही पैसे जेवणं झाल्यावर मागितले, गाडी तिथे अडकली. जेवायच्या आधी माणूस मोकळा असतो. यायचं की नाही, परवडतं की नाही, मटण खायचं की वांग्याची भाजी, हे तो स्वतः ठरवू शकतो. जेवण झाल्यावर त्याच्या हातात काहीच राहत नाही. किती खर्च झाला, महाग का झाला, जिलेबी एवढी कोणी सांगितली होती, हे सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं आणि त्याने फक्त भरायचं असतं. अशा वेळी ज्याचा हात आखडता असतो तो गप्प बसतो आणि ज्याची नियत ढिली असते तो विसरतो. मागणाऱ्याला दोघं सारखेच दिसतात, म्हणून लाज वाटते.

आपल्याकडे गावात बोकड कापायचा असला की आधी हिस्से विचारले जातात. तुमचा किती, त्याचा किती, ते लिहून घेतात आणि मगच बोकड कापतात. त्यात कोणाला संकोच वाटताना मी पाहिलेला नाही. ज्याला नको तो सरळ म्हणतो, "या वेळी राहू द्या." पार्टीचंही तसंच करायचं. आधी आकडा, मग पैसे, मग किराणा. हा क्रम पाळला तर मागण्याचं निम्मं काम आपोआप होतं.

पण आकड्याच्याही आधी एक गोष्ट मोकळेपणाने ठरवून घ्या. ही पार्टी कोणाची आहे? खेड्यात पोराला नोकरी लागली की पार्टी तोच देतो, ही जुनी रीत. तुमचा मित्र एखाद्या संध्याकाळी पारावर म्हणून गेला असेल, "पार्टी माह्याकडून." चौघांनी ते ऐकलं असेल, सात जणांनी नसेल. मग वर्गणी मागितली की त्या चौघांच्या मनात येतं, तो देणार होता ना, मग आमच्याकडून कशाला? तोंडावर कोणी बोलत नाही, पण पैसे रेंगाळतात. म्हणून त्यालाच बाजूला घेऊन विचारा. त्याला नोकरीची पार्टी द्यायची असेल तर ती त्याने पहिला पगार झाल्यावर, सुटीवर आला की द्यावी. हा निरोप तुम्ही देताय, यात तो पाहुणा. फार आग्रह करत असेल तर त्याने घरून पेढे आणावेत. पेढे हिशेबात धरायचे नाहीत.

दुसरी गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुम्ही ती लिहिलेली नाही. पुढचा महिना म्हणजे कोणता? पगारदाराकडे पहिल्या आठवड्यात पैसा असतो. मजुराच्या हातात आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी पडते आणि त्यातूनच घरचा बाजार होतो. कास्तकाराकडे सोयाबीन निघालं की दिवाळीच्या मागेपुढे, नंतर कापूस विकला की, मग तूर आली की. जून-जुलै असेल तर पेरणीचे दिवस, बियाणं आणि खतात सगळ्यांचे खिसे रिकामे. त्या दिवसांत मोठ्या कास्तकारालाही चारशे रुपये जड जातात आणि तो ते कबूल करणार नाही. म्हणून पार्टीचा दिवस असा धरा की आकडा सांगितल्यापासून पार्टीपर्यंत मधे दोन आठवडी बाजार येतील. पेरणीचा महिना असेल तर मटण सोडून नुसते रोडगे करा. रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण यात कोणाला कमीपणा वाटत नाही, उलट पार्टी खरी वावरातली होते.

आता आकडा. बहुतेक जण आधी बेत ठरवतात, मग त्याचा खर्च काढतात, मग भागाकार करतात. मी उलटं करतो. गटात सगळ्यात कमी कमावणारा कोण, ते मनात धरतो, मोठ्याने बोलत नाही. त्याच्या एका दिवसाच्या मजुरीच्या आत सामाईक वाटा बसला पाहिजे. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ या वर्षासाठी दिवसाला ३१२ रुपये होती. वावरातली मजुरी कामाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे कमी-जास्त असते, पण अंदाजाला हा आकडा बरा. एक दिवसाची मजुरी मित्राच्या निरोपाला माणूस आनंदाने देतो. दोन दिवसांची मागितली तर त्याला घरी बायकोला उत्तर द्यावं लागतं. म्हणून तुमचा सामाईक वाटा तीनशेच्या आत ठेवायचा आणि बेत त्यात बसवायचा.

तुमच्याच बारा जणांचा हिशेब मांडून दाखवतो. भाव मी आमच्याकडचे धरतोय, तुमच्या बाजारात थोडे इकडेतिकडे होतील. जाणारा मित्र पाहुणा, म्हणून भरणारे अकरा.

सगळे जे खाणार त्याचा खर्च आधी काढू. रोडग्यासाठी जाडसर दळलेली कणीक तीन किलो, १२० रुपये. तुरीची डाळ एक किलो, १२०. तांदूळ एक किलो, ५०. रोडगा कुस्करून त्यावर तूप ओतल्याशिवाय मजा नाही, म्हणून तूप अर्धा किलो, ३२०. तेल दीड लिटर, २२५. वांगी, कांदे, लसूण, सांबार, मिरची आणि मसाला मिळून ३००. शिधा झाला ११३५ रुपयांचा. जिलेबी दीड किलो, ३००. पत्रावळी, द्रोण आणि पाण्याच्या कॅन मिळून १७५. सामान आणि माणसं वावरात न्यायला गाडीचं डिझेल ३००. शाल, श्रीफळ आणि हार ३००. एकूण सामाईक खर्च २२१० रुपये. गोवऱ्या वावरवाल्याच्या घरच्या, त्याचे पैसे कोणी लावत नाही.

मटणाचा हिशेब वेगळ्या पानावर. बारातले चार सोडले तर पाहुण्यासकट खाणारे आठ. माणशी पाव किलो धरलं तर दोन किलो, रस्सा असल्यावर एवढं पुरतं. ७४० रुपये किलोने १४८० आणि त्याचा मसाला-तेल २००, म्हणजे १६८० रुपये. आठांत भागले की एका ताटाचे २१०.

इथे एक बारीक जागा आहे. पाहुण्याच्या मटणाचे २१० कोणी भरायचे? मी ते सामाईकात टाकतो. पाहुणा सगळ्यांचा आहे, त्याच्या ताटात काय वाढलं यावरून त्याला वाटून घ्यायचं नसतं. माळकरी मित्राने पाहुण्याच्या मटणाला हातभार लावायचा नाही असं कोणी म्हटलं, तर त्याच्या भावनेचा मान ठेवा आणि ते २१० मटण खाणाऱ्या सात जणांत वाटा, माणशी तीस रुपये वाढतील. पण हे आधी त्यालाच विचारा, परस्पर ठरवू नका. बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही.

तर सामाईक २२१० अधिक पाहुण्याचे २१०, झाले २४२०. अकरांत भागले की २२० रुपये. मटण न खाणाऱ्या चौघांनी २२० द्यायचे, खाणाऱ्या सात जणांनी २२० अधिक २१०, म्हणजे ४३०. ताळा करून पाहा: चौघांचे ८८०, सातांचे ३०१०, बेरीज ३८९०. खर्चही २२१० अधिक १६८०, म्हणजे ३८९०.

प्रत्यक्षात मात्र २२० आणि ४३० मागू नका. प्रत्येकावर तीस रुपये वर धरा आणि २५० व ४६० सांगा. गोळा होतील ४२२०, हाताशी राहतील ३३०. बाजारात मटणाचा भाव वीस रुपयांनी चढलेला असतो, एखादी पाण्याची कॅन जास्त लागते, काडीपेटी आणि मीठ कोणी यादीत लिहीत नाही. पार्टीनंतर "अजून चाळीस-चाळीस द्या रे" म्हणत फिरणं सगळ्यात वाईट. चाळीस रुपये मागायला जितकी लाज वाटते तितकी चारशे मागायलाही वाटत नाही. हे ३३० उरले तर कुठे जाणार तेही आधीच सांगून ठेवा. मी ते भेटवस्तूच्या पाकिटात टाकायचं सुचवतो, म्हणजे माणशी पंचवीस-तीस रुपये परत वाटत बसावं लागत नाही.

सारखे लावू का, याचं माझं उत्तर यातच आलं. जे सगळे वापरतात ते सगळ्यांना सारखं. जे काहीजणच खातात ते त्यांच्यातच. त्याहून बारीक विभागणी करू नका. कोणी दोन रोडगे खाल्ले आणि कोणी पाच, याचा हिशेब मित्रांत मांडला तर जेवणाची चव जाते. पगारदारांना दुप्पट लावा, असं काही जण सुचवतील. मी ते करत नाही. एकदा उत्पन्नाप्रमाणे वर्गणी लावली की सगळ्यांसमोर एकजण श्रीमंत ठरतो आणि एकजण गरीब, आणि पुढच्या पार्टीत दोघंही अंग चोरतात.

दारूचं वेगळं सांगतो. ती या हिशेबात कधीच आणू नका, ना सामाईकात ना मटणाच्या पानावर. सगळ्यात जास्त कुरबुर तिच्यावरून होते, कारण तिचा खर्च आधी ठरत नाही, रात्र चढेल तसा वाढतो. ज्यांना घ्यायची त्यांनी आपसात बघावं आणि तुमच्या वहीत त्याची नोंदसुद्धा नको. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथल्या वाचकांना तर हा प्रश्नच नाही. आणि पोलिसात निघालेल्या पोराच्या निरोपाला कोणी अडचणीत येईल असं काही करू नये, हे माझं स्पष्ट मत.

कास्तकारांच्या गटात घरचा माल हमखास येतो. एकजण म्हणतो कणीक माझ्याकडून, दुसरा म्हणतो डाळ घरची आहे, तिसरा वांगी तोडून आणतो. हे चांगलंच आहे, पण हिशेब तिथेच फसतो. ज्याने कणीक आणि डाळ आणली त्याला वाटतं माझं झालं, बाकीच्यांना वाटतं त्याने पैसेच दिले नाहीत. म्हणून आणायच्या दिवशीच मालाला बाजारभावाची किंमत लावा आणि वहीत त्याच्या नावावर जमा करा. वरच्या हिशेबात कणीक आणि डाळ आणणाऱ्याचे २४० जमा झाले. तो मटण खाणारा असेल तर ४६० मधले २२० त्याने द्यायचे, नसेल तर फक्त दहा. "अरे राहू दे, किंमत कशाला लावतोस" असं तो म्हणेल. म्हणू द्या, तरी लिहा. बक्षीसच द्यायचं असेल तर त्याने तसं सांगावं, मग सगळ्यांचाच वाटा कमी होईल.

आता गोळा करणं. पैसे एकाने घ्यावे आणि खरेदी दुसऱ्याने करावी. तुम्ही पैसे सांभाळणार असाल तर किराण्याला दुसऱ्याला पाठवा आणि चिठ्ठीचा फोटो घ्या. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. पैसे घेणारा आणि खर्च करणारा एकच असला की प्रत्येक रुपयाचं ओझं त्याच्यावर पडतं आणि कमी पडले की तोच खिशात हात घालतो. मागच्या वेळी तुमचं हेच झालं.

ग्रुपवर पहिला संदेश असा टाका:

"आपल्या भावाचा निरोप रविवारी संध्याकाळी वावरात. रोडगे, वांग्याची भाजी, वरण-भात, जिलेबी. ज्यांना मटण पाहिजे त्यांना मटण. नुसत्या रोडग्याचे २५०, मटणासह ४६०. यातच पाहुण्याचं ताट, गाडी, शाल-श्रीफळ सगळं आलं, नंतर काही मागणार नाही. उरले तर भेटीच्या पाकिटात. शुक्रवारी संध्याकाळी किराणा आणि मटणाची ऑर्डर देतोय, जेवढे पैसे आले तेवढ्या ताटांची. माझे ४६० जमा केले. रोख द्या किंवा खालच्या क्यूआरवर टाका, ज्याचे पैसे त्याचं नाव लिहा. काही अडचण असेल तर मला एकट्याला फोन करा."

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. "नंतर काही मागणार नाही" हे वाचून माणूस निर्धास्त होतो. शेवटची तारीख तुम्ही लावलेली नाही, ती किराण्याची आणि मटणाची आहे, त्यामुळे शुक्रवारी आठवण करताना तुम्ही तगादा लावताय असं वाटत नाही. तुम्ही स्वतः आधी भरलेत, म्हणून दुसऱ्याला सांगायला तोंड आहे. आणि "मला एकट्याला फोन करा" हे त्या एका मित्रासाठी आहे, त्याला कळतं.

नाव लिहायला सांगण्याचं कारण खेड्यातलं आहे. पैसे पुष्कळदा भावाच्या, बापाच्या नाहीतर दुकानदाराच्या फोनवरून येतात आणि तुमच्या फोनवर त्यांचं नाव दिसतं. चार दिवसांनी कोणाचे आले आणि कोणाचे नाही हे लावता लावता वाद होतो. आणखी एक सांगतो. पूर्वी ॲपमधून मित्राला "एवढे पैसे पाठव" अशी यूपीआयची मागणी पाठवता यायची. व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय फसवणुकीमुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. मला त्याचं दुःख नाही. मित्राच्या फोनवर अचानक मागणी येऊन पडण्यापेक्षा ग्रुपवर क्यूआर टाकलेला बरा, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो टाकेल. ग्रुपमध्ये कोणी बाहेरचा नाही ना, तेवढं पाहून घ्या, आणि पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही हेही पोरांना सांगून ठेवा.

यादी मात्र ग्रुपवर टाकू नका. गणपतीच्या वर्गणीत आपण भोंग्यावर नाव आणि रक्कम वाचतो, त्याने वर्गणी वाढते, कारण तिथे सगळ्या गावासमोर मान मिळतो. बारा मित्रांत उलट होतं. आठ नावांपुढे बरोबरची खूण आणि तिघांपुढे काही नाही, अशी यादी पाहिली की ते तिघं ग्रुप उघडणंच सोडतात. मी फक्त संख्या टाकतो. बुधवारी "अकरापैकी सात आले, चार बाकी." गुरुवारी "नऊ आले." ज्याचे राहिलेत त्याला कळतं की आपण त्या दोनात आहोत, आणि दुसऱ्या कोणाला कळत नाही.

गुरुवारपर्यंत न आलेल्यांना ग्रुपवर विचारायचं नाही, फोनवर लिहायचंही नाही. भेटून विचारायचं, एकटा असताना. वावराकडे जाताना, पानठेल्यावर गर्दी नसताना, आणि त्याच्या घरी त्याच्या आईवडिलांसमोर तर मुळीच नाही. बोलणं आखूड ठेवा: "उद्या किराणा आणतोय बे, तुह्यं ताट धरू ना? मटणाचं का साधं?" एवढंच. पैसा हा शब्दही यात नाही, पण प्रश्न तोच आहे. धर म्हणाला की तो तिथेच पैसे काढतो, किंवा "संध्याकाळी टाकतो" म्हणतो. "पाहू" म्हणाला तर समजा खरंच पैसे नाहीत की द्यायचे नाहीत, यातलं एक काहीतरी आहे.

यातलं कोणतं, ते ओळखायला वसुलीतला एक अनुभव उपयोगी पडतो. ज्याच्याकडे खरंच नसतात तो तुमचा रस्ता टाळतो, बोलला तर खाली बघून बोलतो आणि पार्टीलाच यायचं नाही म्हणतो: "माह्यं त्या दिवशी काम आहे." ज्याला द्यायचे नसतात तो बिनधास्त भेटतो, बेत सुचवतो, मटण तीन किलो घ्या म्हणतो आणि पैशाचं निघालं की "अरे देतो ना, पळून चाललो का?" पहिल्याला सांभाळायचं, दुसऱ्याला थांबवायचं. दोघांना एकच नियम लावला की पहिला दुरावतो आणि दुसरा सोकावतो.

तुमचा मजुरीला जाणारा मित्र पहिल्यासारखा वागला तर काय करायचं, ते ३३० रुपयांत आधीच करून ठेवलं आहे. त्याचे २५० आले नाहीत तर जमा ३९७० होतात आणि खर्च ३८९० आहे. म्हणजे एका माणसाचं साधं ताट कोणालाही न कळता निघतं. दोन पगारदारांपैकी जो जवळचा आणि तोंडाचा पक्का असेल त्याला आधी सांगून ठेवा, कमी पडले तर शंभर-दोनशे घेईन, नाव निघणार नाही. मित्राला मात्र "तुझे राहू दे" म्हणू नका. त्याला म्हणा, "तू ये, हिशेब मागाहून पाहू," आणि पुढच्या बाजाराला त्याने शंभर आणून दिले तर हसून घ्या. घेतलेच पाहिजेत. नाकारलेले पैसे त्याला जास्त टोचतात. आणि पैशाच्या बदल्यात त्याला चूल सांभाळायला, भांडी घासायला लावू नका. मी हे गावात होताना पाहिलं आहे. बाकीचे मेंढरासारखे गोल बसून हसत असतात आणि एकटा गोवऱ्यांच्या आरावर रोडगे फिरवत असतो, धुराने डोळे लाल करून. काम सगळ्यांनी वाटून घ्यायचं, आणि ते पैशाशी जोडायचं नाही.

भेटवस्तू वर्गणीत धरू नका. तिच्यासाठी बंद पाकीट किंवा डबा फिरवा, ज्याला जे जमेल ते टाकेल, नावं लिहायची नाहीत, मोजायचं एकाने. पगारदारांना जास्त द्यायचं असतं ते इथे देऊ शकतात आणि कोणाचंच उत्पन्न उघडं पडत नाही. जमेल तेवढ्यात ट्रेनिंगला लागणारं काहीतरी घ्या. लोखंडी पेटी घेण्याआधी त्याला सांगितलेल्या सामानाची यादी बघा, नाहीतर त्याने आधीच घेतलेली असते.

पार्टीच्या दिवशी दोन गोष्टी बिघडतात. पैसे दिलेला माणूस येत नाही, किंवा कोणी सोबत भावाला, साळ्याला घेऊन येतो. न येणाऱ्याने शुक्रवारच्या आत सांगितलं तर सगळे परत द्यायचे. किराणा आल्यावर सांगितलं तर मटणाचे २१० परत, तेही त्याचं ताट दुसऱ्या कोणी घेतलं तर. सामाईक परत नाही, कारण गाडी आणि शाल त्याच्या येण्या-न येण्याने स्वस्त होत नाही. सोबत कोणाला आणलं तर आणणाऱ्याने त्याचं ताट भरायचं, हे पहिल्या संदेशातच एका ओळीत घालता येईल. रविवारी दारात आलेल्या पाहुण्याला मात्र पैशाचं काही बोलू नका. जेवू घाला आणि दुसऱ्या दिवशी आणणाऱ्याला एकट्याला सांगा.

सोमवारी सकाळीच हिशेब ग्रुपवर टाका, चिठ्ठ्यांच्या फोटोसकट. जमा इतके, खर्च इतका, उरले इतके, पाकिटात टाकले. चार ओळी पुरतात. दोन दिवस उशीर झाला की विनाकारण विचारणा सुरू होते.

राहिले मागचे तीनशे-तीनशे. ते या पार्टीत मिसळू नका. "मागचे दे, मगच ताट" असं म्हटलं की निरोपाचं राहतं बाजूला आणि जुनं भांडण वर येतं. निदान आठवडाभर आधी दोघांना वेगवेगळं भेटा आणि नेमका आकडा सांगा: "मागच्या पार्टीचे तुह्ये तीनशे राह्यले, या बाजाराले देजो." सांगून झालं की गप्प बसा. मागणारा माणूस लाजेपोटी स्वतःच बोलत सुटतो, "काही घाई नाही, जमलं तर बघ, नसतील तर राहू दे," आणि समोरच्याला तीच पळवाट मिळते. एकदा आकडा सांगितला की पुढचं वाक्य त्याचं असू द्या. त्याने अडचण सांगितली तर दीडशे आता, दीडशे पुढच्या महिन्यात, असं तोडून घ्या. सोसायटीतसुद्धा अडलेली बाकी हप्ते पाडल्यावरच हलायची. दोनदा सांगूनही काही आलं नाही तर ते तीनशे सोडून द्या, पण पुढे त्याचं ताट पैसे हातात आल्यावरच धरा.

तारीख ठरली आणि तुमच्या बाजारातले भाव कळले की इथे टाका, आकडे पुन्हा मांडून देतो. जिलेबीऐवजी पेढ्यांवर भागलं तर २५० चे सव्वादोनशेच्या आसपासही बसतील.